मुदत संपली, फॉल-पिको झालं, तरी पूर्ण पैसे परत हवेत: घरून साड्या विकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरून हँडलूम साड्या विकते, इन्स्टावर फोटो टाकायचे आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्यायची असा साधा कारभार. आमच्या विक्रेत्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी स्क्रीनशॉट टाकून विचारतं की "हिला काय उत्तर देऊ?", म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. कळायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच केस घेते, माझीच. साडी ₹6,800 ची. नियम असा की पार्सल मिळाल्यापासून 7 दिवसांत परत घेऊ, पण टॅग तसाच हवा, फॉल-पिको केलेलं नको आणि ब्लाउज पीस कापलेला नको. नागपूरच्या एका ताईंचा मेसेज आला 19व्या दिवशी: "रंग घरात कुणालाच आवडला नाही, साडी परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या." फॉल लागलेला, ब्लाउज पीस टेलरकडे कापून झालेला.

मेसेज आल्या आल्या पहिलं काय करायचं?

उत्तर टाइप करायचं नाही. आधी स्वतःलाच विचारायचं की हे खरंच नियमाबाहेरचं आहे का, की चूक आपली आहे आणि आपण नियमामागे लपतोय. साडीत दोष असेल, म्हणजे वीण तुटलेली, डाग, रंग जातोय, किंवा सिल्क सांगून दुसरंच काही गेलं असेल, किंवा फोटोत एक आणि हातात एक असं झालं असेल, तर बिलावर ठळक छापलेल्या 7 दिवसांवर बोट ठेवून हात झटकू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, सदोष माल परत न घेणं, पैसे परत न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तर स्पष्ट आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याने परत घ्यायला नकार द्यायचा नाही. आपण काही मोठी वेबसाइट नाही, घरून विकतो, हे खरं, पण नियमित धंदा म्हणून विकत असाल तर आपल्याला हे लागू आहे असंच धरून चाला.

उलट, माल चांगला आहे, जसा दाखवला तसाच आहे आणि नुसतं मन बदललंय, तर परत घ्यायचाच अशी सक्ती आपल्याकडचा कायदा दुकानदारावर करत नाही. तिथे तुम्ही आधी सांगितलेला नियम चालतो, मात्र तो पैसे घेण्याआधी सांगितलेला हवा. (युरोपात मात्र ऑनलाइन खरेदीवर नुसतं मन बदललं म्हणून परत करायला 14 दिवस मिळतात, त्यामुळे जर्मनीतल्या भाचीच्या मैत्रिणींना साड्या पाठवणाऱ्यांनी आपलं घोडं तिथेही दामटू नका.)

"रंग वेगळा आहे" आणि "रंग आवडला नाही" यात फरक कसा ओळखायचा?

हा सगळ्यात घोळाचा भाग आहे, कारण ताई पहिल्या मेसेजमध्ये एक लिहितात आणि तिसऱ्यात दुसरं. मी त्यांना दोनच गोष्टी मागते: साडीचा दिवसा खिडकीजवळ काढलेला फोटो, आणि नेमका फरक काय वाटतो ते एका वाक्यात. मग तो फोटो माझ्या पोस्टच्या शेजारी ठेवून बघते, आणि मनाची खात्री करायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवते, कारण आपल्या मालाबाबत आपले डोळे जरा आंधळेच असतात.

हँडलूममध्ये अजून एक आहे. धूपछांव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे ती ट्यूबलाइटखाली जांभळी दिसेल आणि उन्हात मोरपंखी. हे पोस्टमध्ये लिहिलं असेल तर तुम्ही सुटलात. लिहिलं नसेल, किंवा पिवळ्या बल्बखाली फोटो काढून वर फिल्टर मारला असेल, तर ताईंचं म्हणणं बरोबर आहे आणि मग पुढचं सगळं सोडून द्या, साडी परत घ्या, कुरियरसुद्धा तुमच्या खर्चाने. माझ्या केसमध्ये पोस्टला दिवसाचा फोटो होता, सोबत व्हिडिओ होता, आणि ताईंनी स्वतःच पुढे लिहिलं की "रंग तोच आहे हो, पण सासूबाईंना फिका वाटतोय." म्हणजे मन बदललं, विषय संपला.

अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही, एवढ्यावर नाही म्हणू शकते का?

मन बदलल्याच्या केसमध्ये व्हिडिओचा काही संबंधच नाही. आणि दोषाच्या केसमध्ये व्हिडिओ हा एक पुरावा आहे, पण तो नाही म्हणून ग्राहकाचा हक्क गेला असं होत नाही. डाग पार्सल उघडतानाचा की नंतरचा हे फोटोवरूनही बरंच कळतं. "नो व्हिडिओ नो रिफंड" लिहून जो रुबाब केला जातो तो वाद झाला की टिकेल अशा भरवशावर राहू नका.

पर्याय किती रुपयांचा द्यायचा? अंदाजाने पाचशे सोडू का?

अंदाजाने नको, पाच मिनिटं हिशोब करा. बहुतेक जणी इथेच चुकतात, एक तर घाबरून पूर्ण पैसे देऊन टाकतात नाहीतर पाचशेचं कूपन तोंडावर मारतात आणि ताई अजून चिडतात.

माझा हिशोब बघा. साडी मला पडली ₹4,900 ला. पाठवायचं कुरियर ₹120, पॅकिंग ₹60, पेमेंट गेटवेचे 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून साधारण ₹160, आणि हे गेटवेचे पैसे रिफंड केला तरी सहसा परत येत नाहीत. म्हणजे खर्च झाला ₹5,240 आणि नफा राहिला ₹1,560.

आता साडी परत आली तर तिचं काय होणार? ब्लाउज पीस नाही, फॉल उसवला की सिल्कवर सुईच्या भोकांची रांग दिसते, त्यामुळे ती नवी म्हणून विकता येणार नाही. सेलमध्ये खरं सांगून विकली तर माझ्या अनुभवाने ₹4,500 येतील, त्यातून फॉल उसवणं आणि रोल प्रेस ₹150, हातात ₹4,350. म्हणजे पूर्ण ₹6,800 परत दिले तर नफा तर गेलाच, वर खिशातून ₹890 गेले. एकदा हा आकडा समोर आला की "नाही" म्हणताना अपराधी वाटत नाही.

पण हाच हिशोब उलट्या बाजूनेही करायचा. समजा मी ताईंना ₹4,200 रोख देते म्हटलं. दिसायला ठीक वाटतं, पण मोजून बघा: 6,800 मधून 4,200 गेले, राहिले 2,600, वर सेलचे 4,350 आले, म्हणजे 6,950, वजा खर्च 5,240, हातात ₹1,710. साडी परत घेऊन मी मूळ नफ्यापेक्षा दीडशे रुपये जास्त कमावले! याला पर्याय म्हणत नाहीत, याला ताईंच्या अडचणीवर धंदा म्हणतात. म्हणून माझी कसोटी सोपी आहे: ऑफर दिल्यावर माझ्याकडे मूळ नफ्यापेक्षा कमी उरलं पाहिजे, पण खिशातून जाऊ नये. या दोन टोकांच्या मधला आकडा रास्त.

मी काढलेले आकडे: रोख हवे असतील तर ₹4,600 (मला उरतात ₹1,310), आणि क्रेडिट घेणार असतील तर ₹5,200 (उरतात ₹710). क्रेडिटला जास्त का, तर पैसा धंद्यातच राहतो आणि पुढच्या साडीवर मला पुन्हा थोडं सुटतं, तर त्यातला वाटा त्यांना दिला. परतीचं कुरियर त्यांचं, कारण चूक माझी नाही. सेलमध्ये साडी 4,500 ला नाही गेली तर तो तोटा माझा, तो नंतर त्यांच्याकडून वळता करायचा नाही.

दोन पर्याय एकदम सांगायचे की आधी छोटा, मग मोठा?

एकदम. आधी 3,000 म्हणायचं आणि भांडल्यावर 4,600 वर यायचं, असं केलंत की ताईंना कळतं भांडलं की वाढतं, आणि त्या त्यांच्या बहिणीलाही तेच शिकवतात. पण दोनच्या वर पर्याय देऊ नका, पाच पर्याय दिले की माणूस गोंधळतो आणि "मला हे काही कळत नाही, पैसे द्या" इथेच परत येतो.

प्रत्यक्ष मेसेज कसा लिहायचा?

माझा हा जसाच्या तसा:

"नमस्कार ताई, तुमचे फोटो पाहिले, आणि एवढ्या हौसेने घेतलेली साडी घरी पसंत पडली नाही की कसं वाटतं ते मी समजू शकते. पूर्ण ₹6,800 परत देणं मला जमणार नाही. 7 दिवसांची मुदत 12 दिवसांपूर्वी संपली आणि ब्लाउज पीस कापलाय, फॉल लागलाय, त्यामुळे ही साडी मला नवी म्हणून कुणाला देता येणार नाही. तरी तुमची पूर्ण रक्कम अडकू नये म्हणून मी दोन गोष्टी करू शकते. एक, साडी परत पाठवा, मी ₹5,200 चं क्रेडिट देते, 6 महिन्यांत कुठल्याही साडीवर वापरा. दोन, क्रेडिट नको असेल तर ₹4,600 खात्यावर परत करते. दोन्हीत पाठवायचं कुरियर तुमच्याकडे. रविवारपर्यंत कोणतं ते कळवा, साडी मिळाली की दोन दिवसांत माझ्याकडून पूर्ण होईल."

यात बघा, नकार दुसऱ्याच वाक्यात आहे आणि सरळ आहे. "बघते", "वरती विचारून सांगते", "सध्या तरी शक्य नाही" असलं काही नाही. घरून धंदा करणाऱ्या बाईला वरती कोण असतं, नवरा? ताईंनाही ते माहीत असतं, आणि "सध्या" या शब्दावर त्या पुढचा आठवडा तुम्हाला रोज मेसेज करतील. दुसरं, कारण नियमाचा आकडा सांगून थांबत नाही, साडीचं काय झालंय ते सांगितलंय, कारण "आमच्या पॉलिसीनुसार" हे शब्द वाचले की माणसाला बँकेच्या खिडकीसमोर उभं असल्यासारखं वाटतं. तिसरं, त्यांना दोष दिलेला नाही. "तुम्ही कापायच्या आधी बघायला हवं होतं" हे खरं असलं तरी लिहायचं नाही, त्या वाक्याने ₹5,200 चं मोल शून्य होतं.

आणि "सॉरी" किती वेळा? माझ्या मेसेजमध्ये एकदाही नाही. चूक आपली नसताना तीनतीनदा सॉरी लिहिलं की तो स्क्रीनशॉट उद्या कबुलीजबाब म्हणून फिरतो.

व्हॉइस नोट पाठवली तर बरं नाही का, आवाजात आपुलकी असते?

आपुलकी असते, पण आकडे विसरले जातात. ताई फारच नाराज वाटत असतील तर मी फोन करते, पूर्ण ऐकून घेते, आणि फोन ठेवल्यावर लगेच वरचा मेसेज टाइप करून पाठवते. ठरलेलं सगळं लिहून असलंच पाहिजे.

त्यांनी लिहिलं, "मला क्रेडिट-बिडिट नको, पूर्ण पैसेच पाहिजेत." आता?

माझ्याही ताईंनी हेच लिहिलं. अशा वेळी नवा मुद्दा मांडायचा नाही, आकडा वाढवायचा नाही, आणि पहिलाच मेसेज कॉपी-पेस्टही करायचा नाही, त्याने तर आग लागते. मी लिहिलं: "ताई, तुम्हाला पूर्णच हवेत हे कळलं, आणि ते मला जमत नाही हे आजही तसंच आहे. दोन्ही पर्याय रविवारपर्यंत ठेवते, घाई नाही, घरी विचारून सांगा." बास. त्यानंतर त्यांनी दिवसभरात चार मेसेज केले, मी एकालाच उत्तर दिलं, कारण बाकी तीन प्रश्न नव्हते, राग होता, आणि रागाला उत्तर लागत नाही.

त्यांनी नवी माहिती दिली तर गोष्ट वेगळी. उद्या म्हणाल्या की पहिल्याच धुण्यात काठाचा रंग पदराला लागला, तर ती दोषाची तक्रार झाली, पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात.

"इन्स्टावर टाकते तुमचं नाव" अशी धमकी आली तर?

टाकू दे, असं मनात म्हणायचं, लिहायचं नाही. रिव्ह्यू टाकू नका या अटीवर पैसे वाढवून देणं हा सगळ्यात वाईट सौदा आहे, कारण तो स्क्रीनशॉटही बाहेर येतो. खरंच पोस्ट टाकली तर खाली एकदाच, शांतपणे: "19व्या दिवशी, फॉल आणि ब्लाउज शिवायला दिल्यावर साडी परत करायची होती, आम्ही ₹5,200 क्रेडिट किंवा ₹4,600 रोख असे पर्याय दिले आहेत आणि ते अजून खुले आहेत." ताईंचं नाव, पत्ता, चॅटचे फोटो काही टाकायचं नाही. वाचणाऱ्या बायकांनाही साड्या कळतात, ब्लाउज कापलेली साडी कुठलं दुकान परत घेतं हे त्यांना ठाऊक असतं.

आणि ग्राहक मंचाची धमकी?

हा त्यांचा हक्क आहे, तेव्हा त्यावर चिडायचं काही कारण नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि तक्रार आता ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते, म्हणजे नागपूरच्या ताई नागपूरला करतील आणि तुम्ही पुण्यात असलात तरी उत्तर तिकडे द्यावं लागेल. त्यासाठी 2 वर्षांची मुदत असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणून चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी बॅकअप ठेवा. पैसे घेण्याआधी पाठवलेला नियम, डिलिव्हरीची तारीख, ताईंचा "रंग तोच आहे" हा मेसेज आणि तुमची ऑफर, ही चार पानं एका फोल्डरमध्ये असली की झोप लागते. कार्डने पैसे दिले असतील आणि त्यांनी बँकेत वाद घातला, तर गेटवेवाले तुमच्याकडे हेच कागद मागतात, आणि उत्तराला मुदत असते, ती चुकली तर बरोबर असूनही पैसे जातात.

नियम मी आधी सांगितलाच नव्हता, बिलाच्या मागे छापलाय फक्त. मग?

मग ही केस "नियमाबाहेरची" नाहीच, कारण बिल पार्सलसोबत गेलं आणि पैसे आधी आले. अशा वेळी मी साडी किती वापरली गेली तेवढंच बघते. न उलगडलेली असेल तर पूर्ण पैसे परत, कापलेली असेल तर ब्लाउज पीस आणि फॉलमुळे जितका भाव खरंच पडतो तितकेच वजा. आणि त्या दिवसापासून ऑर्डर घेताना क्यूआर कोडच्या आधी तीन ओळींचा मेसेज पाठवायला लागा.

कधी नियम मोडून पूर्ण पैसे द्यावेत?

मी आजवर थोड्याच वेळा दिलेत. एकदा घरात मृत्यू झाला म्हणून पार्सल पंधरा दिवस उघडलंच नव्हतं, साडी टॅगसकट होती, तिथे मुदत धरून बसण्यात काय अर्थ, साडी तर नवीच आहे. म्हणजे मुदत गेली पण माल तसाच आहे तर मी वाकते. माल बदलला असेल तर वाकत नाही, मग ती ताई माझी नेहमीची गिऱ्हाईक असो की चुलत जाऊ. जावेला नियमाबाहेर काही द्यायचंच असेल तर ते धंद्याच्या खात्यातून नाही, दिवाळीची भेट म्हणून द्या, नाहीतर पुढच्या हळदीकुंकवाला अख्ख्या भावकीला तुमचा नवा नियम कळलेला असतो.

साडी परतच नको, दुसरा काही मार्ग आहे का?

आहे, आणि कधीकधी तो दोघींना परवडतो. साडी त्यांच्याकडेच राहू द्यायची, मी माझ्या ग्रुपवर त्यांच्या वतीने फोटो टाकते, खरी स्थिती लिहून, आणि विकली गेली की येतील ते पैसे त्यांचे, माझं कमिशन नाही. विकली जाईलच याची खात्री मात्र द्यायची नाही, आणि मुदत घालायची, महिनाभर वगैरे. हा मार्ग मी पहिल्या मेसेजमध्ये देत नाही, समोरची कुरियरच्या कटकटीला कंटाळलीय असं दिसलं तरच सुचवते.

त्यांनी ऑफर घेतली. आता काय काय करायचं?

साडी आली की त्याच दिवशी उघडा, उघडताना व्हिडिओ काढा, आणि फॉल-ब्लाउजच्या पलीकडे नवीन काही निघालं, हळदीचा डाग वगैरे, तर तेव्हाच कळवा, आठवड्याने नाही. क्रेडिट द्यायचं तर मेसेजमध्ये रक्कम, आजची तारीख आणि शेवटची तारीख तिन्ही लिहा, "पुढच्या वेळी बघू आपण" असं नको. जीएसटी नंबर असेल तर तुमच्या अकाउंटंटला सांगून क्रेडिट नोट करून घ्या.

आणि ती साडी पुढे विकताना नव्या गिऱ्हाइकाला "ब्लाउज पीस नाही, फॉल उसवलेला आहे, काठाजवळ टाक्यांच्या खुणा आहेत" हे फोटोसकट सांगा, नाहीतर पहिल्या प्रश्नातला सदोष माल तुम्ही स्वतःच तयार केलात. नागपूरच्या ताईंनी शनिवारी रात्री क्रेडिट घेतलं. साडी सेलमध्ये 4,500 ला नाही, 4,300 ला गेली, ते दोनशे माझे गेले, आणि ते मी ताईंना सांगितलेलं नाही.